मशीन की बी: काजू कारखान्याचा स्वॉट निर्णयापर्यंत कसा न्यावा

प्रश्न: वेंगुर्ल्याजवळ आमचा घरगुती काजू कारखाना आहे. सासरे, नवरा आणि मी चालवतो, कटिंगला पाच बायका येतात. हंगामात 8 टन बी घेतो. आता 12 लाखांचं ऑटोमॅटिक कटिंग मशीन घ्यायचं चाललंय, 35 टक्के अनुदान मिळेल म्हणतात. बँकेच्या प्रकल्प अहवालात स्वॉट लागतो, तो मी असा लिहिलाय. जमेच्या बाजू: उत्तम दर्जा, अनुभवी कामगार, घरचा पाठिंबा. उणिवा: भांडवल कमी, आधुनिक यंत्र नाही, मार्केटिंग नाही. संधी: पर्यटन, निर्यात, ऑनलाइन विक्री. धोके: स्पर्धा, पाऊस, महागाई. पान भरलं, पण मशीन घ्यावं की नाही ते यातून कळत नाही. कुठे चुकतंय? गेल्या हंगामाची वही जोडली आहे.

उत्तर:

वही जोडलीत ते फार बरं केलंत ताई, कारण उत्तर बरंचसं तिच्यातच आहे.

तुमच्या कारखान्याचं नाव खोडून त्या पानावर सावंतवाडीच्या किंवा चंदगडच्या कुठल्याही काजूवाल्याचं नाव टाकलं, तरी पान तसंच चालेल. यात तुमचा एकटीचा दोष नाही. टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रुक या दोन अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या 20 कंपन्यांचे स्वॉट तपासून 1997 साली निष्कर्ष मांडले होते. याद्या लांबलचक, शब्द मोघम, कुठला मुद्दा मोठा आणि कुठला किरकोळ याचा पत्ता नाही, आणि पुढे निर्णय घेताना ते कागद कुणी वापरलेच नाहीत. सल्लागारांच्या मदतीने केलेल्या कागदांची ही गत, तर बँकेच्या नमुन्यातली चार चौकटी भरणाऱ्यांचं काय.

मोघमपणा येतो तो स्वॉट ‘धंद्याचा’ करायला गेल्यामुळे. स्वॉट एका निर्णयाचा करायचा असतो. कागदाच्या डोक्यावर तो प्रश्न आधी लिहा, रकमेसह आणि तारखेसह. तुमच्या बाबतीत मी तो असा लिहीन: ‘येत्या हंगामाआधी, म्हणजे फेब्रुवारीअखेर, आपण कर्जाचा बोजा कशासाठी उचलायचा?’ मशीन 12 लाखांचं, त्यावर 35 टक्के म्हणजे 4 लाख 20 हजार अनुदान, उरले 7 लाख 80 हजार. प्रश्न या 7 लाख 80 हजारांचा आहे. गेल्या वर्षी तुम्हाला बी सरासरी 130 रुपयांनी पडली. त्या दराने याच रकमेत बरोबर 6 टन बी येते. म्हणजे एका पारड्यात मशीन आणि दुसऱ्यात 6 टन बी. ‘मशीन घ्यावं का’ एवढंच विचारलं असतं तर ही दुसरी बाजू कागदावर आलीच नसती.

आता प्रत्येक ओळीला तीन गोष्टी विचारा. कोणाच्या तुलनेत? पुरावा कुठे आहे? आणि ही ओळ खोटी निघाली तर निर्णय बदलेल का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती ओळ खरी असूनही खोडा. ‘घरचा पाठिंबा’ अशीच जाते. पाठिंबा आहे, चांगलंच आहे, पण मशीन घेतलं काय नि बी घेतली काय, तो तेवढाच राहणार.

‘आधुनिक यंत्र नाही’ ही ओळ मात्र सावकाश तपासायला हवी, कारण अख्खा अहवाल तिच्यावर उभा आहे. वही सांगते की पाच बायका मिळून दिवसाला साधारण 100 किलो बी कापतात. बी 8 टन. म्हणजे कटिंगचं काम सगळं मिळून 80 दिवसांचं. तुम्ही एप्रिलच्या मध्यावर सुरुवात केलीत, जूनअखेर ते जुलैमध्ये बायका लावणीला गेल्या म्हणून तीन आठवडे बंद होतं, आणि गणपतीच्या आधी बी संपली. त्यानंतर कटिंगच्या पानावर नोंदच नाही. कारखाना बंद पडला तो कापायला हात कमी पडले म्हणून नाही, कापायला बी उरली नाही म्हणून. मशीन आलं असतं तर हीच बी महिनाभरात संपली असती आणि मशीनवर मार्चपर्यंत कापड घालून ठेवावं लागलं असतं.

पैशात बघा. कटिंगची मजुरी बीच्या किलोला 12 रुपये, म्हणजे वर्षाची 96 हजार. मशीनने ती सगळी वाचली असं धरलं तरी 7 लाख 80 हजारांवर 11 टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच जवळपास 86 हजार होतं. मुद्दल, वीज, मशीन चालवणारा माणूस आणि ब्लेडची देखभाल अजून बाकीच आहे. शिवाय या मशीनना एकसारख्या आकाराची बी लागते. तुमच्याकडे वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 च्या कलमांची टपोरी बी येते आणि रायवळ झाडांची बारीकही येते. दोन्ही एकत्र घातली की कुठे टरफल नीट फुटत नाही, कुठे आतला गर कापला जातो. आधी प्रतवारी करावी लागेल, म्हणजे आणखी एक काम वाढलं.

मग ही ओळ तुम्ही लिहिलीत कशी? माझा अंदाज असा, की अनुदान मशीनवर मिळतं म्हणून मशीन नसणं ही उणीव वाटू लागली. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत तुमच्यासारख्या वैयक्तिक कारखान्याला पात्र भांडवली खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये मिळतात. हंगामी बी खरेदीला तसं अनुदान नाही. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ अहवालांत उणीव यंत्राचीच असते. योजना वाईट नाही, पण तिचा अर्ज समोर ठेवून उणिवा शोधायला बसू नका. आधी उणिवा ठरवा, मग कुठली योजना बसते ते बघा. तुमच्या खऱ्या उणिवेला यातलं काही लागू पडतंय का, त्याकडे पुढे येतो.

आता ‘उत्तम दर्जा’. सासऱ्यांना या दोन शब्दांचा अभिमान असणार, म्हणून आकड्यानेच बोलूया. काजूत दर्जा म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी. किलोभर बीतून चांगला गर किती निघाला, आणि त्या गरात अख्खा किती, पाकळी नि तुकडा किती. वर्षाचा तुमचा उतारा किलोला 250 ग्रॅम, अख्खा 65 टक्के. हा आकडा नुसता बघून काही कळत नाही. खरेदीच्या तारखेप्रमाणे तोडला की कळतं. 20 मेपर्यंत घेतलेल्या बीचा उतारा 255 ग्रॅम, अख्खा 70 टक्के. 20 मेनंतरच्या बीचा उतारा 240 ग्रॅम, अख्खा 55 टक्के. आणि ही उशिराची बी थोडीथोडकी नाही, एकूण खरेदीचा तिसरा हिस्सा आहे.

कारण तुम्हाला माहीत आहे. मे अखेरची बी बारीक असते, वळिवात भिजून टरफल काळं पडलेलं असतं, आणि खळ्यावर दोन-तीन कडक उन्हं मिळायच्या आत पोत्यात जाते. साठवायची बी आठ-नऊ टक्के ओलाव्यापर्यंत तरी वाळलेली हवी. तुमच्याकडे ओलावा मोजायचं साधं यंत्रही नाही, सासरे बी हातात घेऊन खुळखुळ ऐकतात. अनुभवाने तो अंदाज बराचसा बरोबर येतो, पण जूनच्या दमट हवेत बराचसा पुरत नाही. कटिंगला येणाऱ्या बायकांना विचारलंत का कधी? त्यातली एखादी सरळ म्हणेल, ‘वयनी, बी ओली आसली तर गर फुटतलोच.’ स्वॉटसाठी सर्वात खरी माहिती बहुतेक वेळा कटिंगच्या पाटावर बसलेली असते आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.

उशिराची बी किलोला 5 रुपयांनी स्वस्त मिळाली, 132 ऐवजी 127, हे वहीत लाल शाईने लिहिलंय. बहुधा कुणीतरी खूश होऊन लिहिलंय. गराच्या भाषेत हिशेब करा. 132 रुपयांच्या बीतून 255 ग्रॅम निघाला म्हणजे किलोभर गराला बी पडली 518 रुपयांची. 127 च्या बीतून 240 ग्रॅम, म्हणजे 529. स्वस्त बी महाग पडली. त्या सुमारे 2,670 किलो बीवर भावात 13 हजार वाचले. उताऱ्यात 40 किलो गर गेला, तो 720 च्या सरासरीने 29 हजारांचा. अख्ख्याची पाकळी झाली त्यात आणखी 12 हजार, कारण अख्खा 760 ने आणि पाकळी 640 ने जाते. म्हणजे 13 हजार कमावायला 41 हजार घालवले.

आणि तुम्ही उशिरा खरेदी केलीत का? मेच्या पहिल्या आठवड्यात पैसे संपले होते. पहिला गर व्यापाऱ्याला घाऊक देऊन ते पैसे येईपर्यंत थांबावं लागलं. म्हणजे ‘दर्जा’ची ओळ, ‘यंत्र नाही’ची ओळ आणि ‘भांडवल कमी’ची ओळ, तिन्ही एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. तेव्हा उणिवांच्या चौकटीत मी तीन नव्हे, एकच मोठी ओळ लिहीन: ‘मार्च ते मे या काळात बी घ्यायला 10 लाख 40 हजारांच्या वर पैसा उभा राहत नाही. त्यामुळे तिसरा हिस्सा बी उशिरा आणि ओली घ्यावी लागते, गणपतीनंतर कारखाना बंद राहतो, आणि दिवाळीला गर शिल्लक नसतो.’ ‘भांडवल कमी’ वाचून कुणी काही करू शकत नाही. हे वाचून काय करायचं ते दिसतं.

दुसरी उणीव वहीत नाही, घरात आहे. 8 टन म्हणजे 80 किलोची 100 पोती, ती पडवी नि मागच्या खोलीत कशीबशी बसतात. आणखी 6 टन आणली तर 75 पोती वाढतात. ती जमिनीला नि भिंतीला न टेकता फळ्यांवर रचायला जागा कुठे आहे? हे आधी लिहिलं नाही तर जुलैत बुरशी आल्यावर लिहावं लागतं.

‘अनुभवी कामगार’ ही ओळही तपासा. बायका अनुभवी आहेत हे खरं. पण 80 दिवस काम आणि बाकीचे दिवस घरी, अशा कामावर त्या किती वर्षं टिकतील? मोठ्या कारखान्याची गाडी वाडीवर न्यायला यायला लागली की त्यांचं कसब त्या कारखान्याची जमेची बाजू होईल. आज मी ही ओळ जमेच्या चौकटीत न ठेवता धोक्यात टाकीन. तुम्ही 140 दिवसांचं काम देऊ शकलात, तर ती पुन्हा जमेत आणता येईल.

मग जमेत उरलं काय? तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट उरली, आणि ती पक्की आहे. खरेदीच्या पानांवर तीन हंगाम तीच नावं दिसतात, वाडीतले नि शेजारच्या गावांतले तीसेक शेतकरी. जागच्या जागी रोख, वजनात खोट नाही, म्हणून ते बी तुमच्या दारात आणून टाकतात. व्यापाऱ्याकडून मिसळलेली बी तुम्ही अजून घेतलेली नाही. भारतातल्या काजू उद्योगात आफ्रिकेतून आयात केलेली बी मोठ्या प्रमाणात वापरली जाते. तशा बीवर चालणाऱ्या कारखान्याला ‘ही बी अमुक वाडीतली’ असं दाखवता येणार नाही. तुम्हाला येईल, तेही वहीतल्या नावांसकट. तुलना कोणाशी आणि पुरावा काय, दोन्हीची उत्तरं या ओळीकडे आहेत.

संधीच्या चौकटीत एक घोळ नेहमी होतो. ‘ऑनलाइन विक्री’ ही संधी नाही, ती तुमची करायची गोष्ट आहे. उद्या तुमचा कारखाना बंद झाला तरी बाहेर जी खरी राहील तीच संधी. दिवाळीच्या आधी पुण्या-मुंबईकडून गराची मागणी वाढते, ही संधी. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे, ही संधी. पण ते नाव पाकिटावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते आणि बी कुठली हे दाखवता यावं लागतं. म्हणजे ही संधी वरच्या जमेच्या ओळीला येऊन जुळते. ‘निर्यात’ खोडा. वर्षाला 2 टन गरावर निर्यातीचा विचार आज निर्णय बदलत नाही.

‘पर्यटन’ ठेवायचं की खोडायचं हे घरी बसून ठरणार नाही. नवऱ्याला एका शनिवारी आणि एका मंगळवारी, मे किंवा डिसेंबरात, ज्या वळणावर दुकान टाकायचा विचार आहे तिथे सकाळी 10 ते 6 बसवा. गाड्या किती गेल्या ते मोजू नका, थांबल्या किती ते मोजा. महामार्ग चौपदरी झाल्यावर गाड्या वाढल्या, पण थांबण्याच्या जागा बदलल्या. जुन्या नाक्यावर शहाळंवाल्याला विचारलंत तरी तो सांगेल. तो आकडा हातात येईपर्यंत पर्यटनाची ओळ पेन्सिलने लिहा.

धोके लिहिताना ‘पाऊस’ लिहून उपयोग नाही, तो येणारच. काय घडलं तर, कधी, आणि आपले किती जातील, असं लिहा. मे 2021 च्या मध्यावर तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा काजूवाल्यांचा बी वाळवण्याचाच मोसम होता. तुमच्या खळ्यावर कुठल्याही एका दिवशी दीड टन बी पसरलेली असते, म्हणजे 2 लाखांची. ताडपत्री आणि ती ओढायला चार माणसं अर्ध्या तासात मिळतात का, एवढाच खरा प्रश्न आहे.

मोठा धोका मात्र वेगळा आहे, आणि ‘महागाई’ या शब्दात तो लपलाय. बी एप्रिलमध्ये घ्यायची आणि गर डिसेंबरपर्यंत विकायचा, मध्ये गराचा भाव पडला तर? 6 टन जादा बीतून दीड टन गर निघेल. किलोला बीचे 520 आणि कटिंगपासून पॅकिंगपर्यंतचे 110 धरून खर्च 630. घाऊक सरासरी 720, म्हणजे किलोला 90 सुटतात, एकूण 1 लाख 35 हजार. त्यातून 7 लाख 80 हजारांचं सरासरी सहा महिन्यांचं व्याज 43 हजार गेलं, उरले 92 हजार. भागा दीड हजार किलोने: 61 रुपये. गराचा घाऊक भाव 720 वरून 660 च्या खाली गेला की ही सगळी खटपट फुकट. हा आकडा धोक्याच्या चौकटीत मोठ्या अक्षरात लिहा. गेल्या पाच वर्षांची विक्रीची पानं काढून बघा, एका वर्षात भाव 60 नी पडल्याचं किती वेळा दिसतं. दोनदा दिसलं तर 6 टनांऐवजी 3 टनच वाढवा. काजूचा भाव पुढे काय होईल हे स्वॉट सांगत नाही. भाव पडला तर आपण किती वाकतो, एवढंच त्यातून कळतं.

चौकटी इथे संपतात आणि काम इथून सुरू होतं. बहुतेक लोक नेमके इथेच थांबतात. व्यवस्थापनाचे अभ्यासक हाइन्झ वाइरिख यांनी 1982 मध्ये सुचवलेली रीत साधी आहे. आतल्या ओळी आणि बाहेरच्या ओळी एकमेकींसमोर ठेवायच्या आणि प्रत्येक जोडीला विचारायचं, मग आपण काय करणार? सगळ्या जोड्या लावत बसू नका. तुमच्या कागदावर आता पाच-सहाच ओळी उरल्यात, त्यातल्या तीन जोड्या बोलतात.

पहिली जोडी: हंगामी पैशाची उणीव आणि दिवाळीची मागणी. निर्णय: मशीनचं कर्ज मागायचं नाही. बँकेकडे हंगामी कॅश क्रेडिट मागायचं, बी 8 वरून 14 टनांवर न्यायची, आणि खरेदी 20 मेला बंद करायची. 100 किलोच्या चालीने 14 टन म्हणजे 140 दिवस, लावणी-कापणीचे खाडे धरून डिसेंबरपर्यंत काम. त्यात बायकांचा धोकाही बराच उतरतो, हे वेगळं लिहायला नको.

दुसरी जोडी: ओळखीचे शेतकरी आणि स्थानिक मालाला असलेलं नाव. निर्णय: वर्षाच्या गरातला 300 किलो अख्खा घाऊक न देता दिवाळीसाठी राखायचा आणि अर्धा किलोच्या पाकिटात, किलोला 900 च्या भावाने विकायचा. अख्ख्याच्या घाऊक 760 पेक्षा 140 जास्त, पॅकिंग-पाठवणीचे 40 गेले तर 100. 300 किलोवर 30 हजार. पहिल्या वर्षी यापेक्षा जास्त राखू नका, कारण किरकोळ गिऱ्हाईक तुम्ही अजून बघितलेलं नाही. ‘मार्केटिंग नाही’ ही तुमची ओळ या 300 किलोंपुरती खरी, बाकी मालापुरती नाही.

तिसरी जोडी: भाव पडण्याचा धोका आणि उसनवारीचा पैसा. इथे निर्णयाला अट घालायची. 10 टनांपर्यंत बी घ्या आणि थांबा. त्या दिवशी बीचा दर 140 च्या वर असेल तर पुढची 4 टन घेऊ नका, कारण 140 ला उतारा 250 धरून गराला नुसती बीच 560 ची पडते आणि किलोमागचे 90 पन्नासवर येतात. प्रत्येक मोठ्या खरेदीआधी किलोभर बी कापून गर तोलायचा. 245 ग्रॅमच्या खाली आला तर ती बी परत, शेतकरी कितीही जवळचा असो. हे सासऱ्यांनी करायचं, आणि आकडा वहीत तुम्ही लिहायचा. माणूस आणि आकडा नसलेला निर्णय मे महिन्याच्या गर्दीत टिकत नाही.

मशीन कायमचं बाद नाही. त्याचीही अट लिहून ठेवा: सलग दोन हंगाम 14 टनांच्या वर बी साठवता आली, आणि तरी कटिंगला बायका न मिळाल्यामुळे महिनाभर काम अडलं, तर मशीनचा अहवाल नव्याने करायचा. तेव्हा अनुदानाची योजना असेल तर उत्तम.

आज योजनेत काही बसवायचंच असेल, तर ओलावा मोजायचं यंत्र, वाळवणाचं शेड आणि फळ्यांचं गोदाम पात्र खर्चात धरता येतं का ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी विचारा. तुमची दुसरी उणीव तीच आहे. फक्त अनुदान रोख हातात पडेल असं धरून हंगामाचा हिशेब करू नका, ते कर्जखात्याशी जोडलेलं असतं.

घरात हे लिहायचं कसं, तेही सांगतो, कारण गाडी बहुधा तिथे अडते. तिघांनी एकत्र बसून लिहू नका. एकत्र बसलात की सासरे जे बोलतील तेच कागदावर येईल, आणि तुम्ही ते खोडणार नाही. तिघांनी आपापला कागद वेगळा लिहायचा, प्रत्येकी चारच ओळी, आणि ओळीपुढे वहीतलं पान क्रमांक. मग कागद शेजारी ठेवायचे. जिथे तिघांचं पटतं तिथे वेळ घालवू नका. जिथे पटत नाही तिथे वही उघडा. सासऱ्यांचा दर्जाचा अभिमान खोटा नाही, 20 मेपर्यंतच्या बीवर तो शंभर टक्के खरा आहे. त्यांना तसंच सांगा. आणि ज्या व्यापाऱ्याने दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडून गर घेणं बंद केलं, त्याला एक फोन करा. वहीत त्याचं नाव मध्येच थांबलंय. तो जे सांगेल ते बाकी कुणी सांगणार नाही.

शेवटी बँकेच्या प्रतीबद्दल. पुष्कळजण घरासाठी एक स्वॉट आणि बँकेसाठी गोड केलेला दुसरा करतात. करू नका. कर्ज मंजूर करणारा अधिकारी असे कितीतरी अहवाल बघतो, ‘उणिवा: मार्केटिंगचा अभाव’ यावर त्याची नजर थांबतही नाही. त्याला एकच बघायचं असतं, पैसा अडकला तर हे लोक काय करणार. तेव्हा ‘भाव 660 खाली गेल्यास नफा शून्य’ ही ओळ त्याच्या प्रतीतही ठेवा, आणि तिच्याखाली लगेच तुमची 10 टनांची थांबायची अट लिहा. उणीव एकटी सोडू नका, तिच्या पुढच्याच ओळीत उपाय, तारीख आणि कोण करणार ते असू द्या. सोबत खरेदीच्या पानांच्या प्रती आणि महिन्यावार रोख आवक-जावकेचा तक्ता जोडा. कॅश क्रेडिटची मर्यादा बँक त्या तक्त्यावरून ठरवते, स्वॉटवरून नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये रक्कम किती उचलणार आणि ऑगस्ट ते डिसेंबर कुठल्या महिन्यात किती फेडणार, हे स्वॉटमधल्या आकड्यांशी तंतोतंत जुळलं पाहिजे. अर्ज जानेवारीतच द्या. मार्चमध्ये बँका वर्षअखेरीच्या कामात असतात आणि तुमची बी तोवर झाडाखाली पडायला लागलेली असते.